तीनशे पासष्ट दिवसांचं कर्ज, अठरा महिन्यांचा ऊस

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, इंदापूर तालुक्यातली नीरा डाव्या कालव्याखालची दोन एकर माझ्या नावावर केली आणि मी गावच्या विकास सोसायटीची सभासद झाले. तोवर पीक कर्जाबद्दल मला एवढंच माहीत होतं, की ते पावसाळ्याच्या तोंडावर निघतं आणि ऊस गेला की फिटतं. मध्ये काय होतं ते घरात कोणी बोलत नसे. ऊस बिलाच्या पावतीवर ‘सोसायटी कपात’ असा एक आकडा यायचा, आबा तो बघून पावती खिशात घालायचे, तेवढंच.

आमचं कर्ज मंजूर झालं एक लाख वीस हजार. पीक आडसाली ऊस, जात फुले २६५. ही रक्कम ज्या कागदावरून ठरते त्याला सोसायटीत कमाल मर्यादा पत्रक म्हणतात, बोलण्यात ‘क.म. पत्रक’. तुमची जमीन किती, त्यात पीक कोणतं आणि त्या पिकाला जिल्ह्यात ठरलेला दर काय, यावरून तुम्हाला जास्तीत जास्त किती कर्ज मिळेल ते त्यात लिहिलेलं असतं. जिल्हा बँक सोसायटीला पैसे देते आणि सोसायटी सभासदाला. रोख्यावर सही करताना मी सचिवांना विचारलं, “भाऊसाहेब, व्याज किती?” ते म्हणाले, “वहिनी, तीन लाखांच्या आत आहे. शून्य टक्के.”

मी निर्धास्त झाले. शून्य टक्के म्हणजे व्याज नाही, यात न कळण्यासारखं काय आहे?

१० जुलै २०२३ ला आम्ही सत्तर हजार उचलले. हातात पडले साडेसहासष्ट हजार, कारण साडेतीन हजार शेअर्सपोटी कापले होते. खातेउताऱ्यावर मात्र नावे पूर्ण सत्तर हजार पडले. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथून झाली. जे पैसे घरी आलेच नाहीत त्यांवरही व्याज धरलं जाणार होतं, कारण ते कर्जाच्याच रकमेतले होते. फक्त माझ्या शेअर्सच्या खात्यावर गेले होते. बेणं, सरी, लागणीची मजुरी आणि पहिलं खत यांत ते सत्तर हजार संपले. नोव्हेंबरमध्ये मोठ्या बांधणीची वेळ आली, तेव्हा २० तारखेला उरलेले पन्नास हजार उचलले.

पुढच्या उन्हाळ्यात मी सोसायटीत बाकी विचारायला गेले. उताऱ्यावर मुद्दलाच्या शेजारी ‘येणे व्याज’ असा रकाना होता आणि त्यात आकडा होता. छोटा नव्हता. शून्य टक्क्यांच्या कर्जाला व्याज कसं, असं विचारल्यावर सचिव म्हणाले, “ते आता भरायचं, मागून परत येतं. पण मुदतीत भरलं तरच हं.” मागे रांग होती. त्यांनी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला आणि मी उतारा घेऊन बाहेर आले.

बारामतीला माझे मामा राहतात. सहकारी बँकेत सोसायट्यांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मी रोखा, उतारा, पासबुक सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी उतारा उघडलाच नाही. मला विचारलं, “ऊस कधी लावलास?”

“जुलैत.”

“तुटणार कधी?”

“पुढच्या डिसेंबर-जानेवारीत.”

“आणि कर्जाला वर्ष कधी होतंय?”

मी बोटांवर महिने मोजले. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, तो साधारण बारा महिन्यांत तुटतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, त्याला चौदा-पंधरा महिने लागतात. आमचा आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. व्याजाची सवलत मात्र तीनशे पासष्ट दिवसांचीच. म्हणजे ज्या दिवशी सवलत संपणार, त्या दिवशी आमचा ऊस नुसता डोक्यापर्यंत आलेला असणार, आणि कारखान्याचा बॉयलर पेटायलाही चार महिने बाकी असणार.

मग मामांनी शून्य टक्क्यांचा अर्थ सांगितला. सोसायटीचा दर माझ्या रोख्यावर होता तो सहा टक्के. (राष्ट्रीयीकृत बँकेत तो सात असतो.) जो शेतकरी वेळेत फेडतो त्याला केंद्र सरकार त्यातले तीन टक्के परत देतं, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी तीन टक्के मिळतात. सहातून तीन आणि तीन गेले की शून्य उरतं. “पण बाळ, व्याज पहिल्या दिवसापासून चढतच असतं,” मामा म्हणाले. “ते तुझ्याऐवजी सरकार भरतं, आणि तेही तू मुदत पाळलीस तर. तीनशे सहासष्टाव्या दिवशी दोघंही बाजूला होतात आणि मागचं सगळं व्याज तुझ्या एकटीच्या नावावर येतं.”

हे ऐकून मी गप्प बसले. त्या एका दिवसाचं मला फार नवल वाटलं. व्याज थोडं थोडं वाढत जातं ते समजू शकतं. पण आज शून्य आणि उद्या सहा हजारांच्या वर, हे डोक्यात बसायला वेळ लागला.

मामांनी हिशोब माझ्याकडूनच करून घेतला. रकमेला दराने आणि दिवसांनी गुणायचं आणि ३६,५०० ने भागायचं, एवढंच सूत्र. जितक्या उचली, तितके तुकडे करायचे. १० जुलै ते २० नोव्हेंबर हे १३३ दिवस आणि तेव्हा माझ्याकडे सत्तर हजार होते. सत्तर हजार गुणिले सहा गुणिले १३३, भागिले ३६,५००. उत्तर आलं १,५३० रुपये. तिथून पुढे एक लाख वीस हजारांवर रोज १९ रुपये ७३ पैसे. २०२४ हे लीप वर्ष होतं, त्यामुळे तीनशे पासष्ट दिवस १० जुलैला नव्हे, ९ जुलैलाच भरत होते. २० नोव्हेंबर ते ९ जुलै हे २३२ दिवस, त्यांचे ४,५७६. एकूण ६,१०६ रुपये.

सगळे पैसे जुलैतच उचलून घरात ठेवले असते तर हाच आकडा ७,२०० झाला असता. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत न उचललेल्या पन्नास हजारांनी अकराशेच्या आसपास वाचवले होते. आम्ही ते काही ठरवून केलं नव्हतं. बांधणीलाच पैसे लागणार होते म्हणून थांबलो होतो. पण आमच्या भागात मंजूर झालेलं सगळं एकदम उचलायची रीत आहे, नंतर मिळतील की नाही या धास्तीने. त्या धास्तीलाही रोजचं भाडं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

“आता पुढचं कर,” मामा म्हणाले. पुढचं म्हणजे मुदत चुकली तर. माझ्या रोख्यावर थकल्यानंतरचा दर बारा टक्के लिहिला होता. ऊस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुटला आणि बिल नियमाप्रमाणे आलं असं धरलं. (१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासह.) तरी ९ जुलै ते २० जानेवारी हे १९५ दिवस होतात. रोजचे ३९ रुपये ४५ पैसे, म्हणजे ७,६९३. आधीचे ६,१०६ मिळवले की १३,७९९. हे सगळं साधं व्याज धरून. थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढलं तर त्याहून जास्त. टनाला तीन हजार धरले तर साडेचार टनांहून जास्त ऊस फक्त व्याजात जाणार होता, आणि कपात बिलातूनच होणार असल्यामुळे ते पैसे मला दिसलेही नसते. आबांच्या खिशात गेलेल्या पावत्यांवर ‘सोसायटी कपात’ या एका ओळीत मुद्दल किती आणि व्याज किती, हे आमच्या घरात कुणी कधी वेगळं केलं नव्हतं.

माझं माहेर सुप्याजवळचं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जाचे रोखे जाळले. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शाळेत हे शिकताना मला वाटायचं, माणसं कागद का जाळतात? सावकाराला का नाही मारलं? मामांच्या ओट्यावर मला ते उमगलं. त्या कागदात मुद्दल कुठे संपतं आणि व्याज कुठे सुरू होतं हे ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद हेच संकट वाटणार. माझा रोखा मराठीत होता, त्यावर दर होता, तारीख होती. तो वाचायला मला एका माणसाची मदत लागली, पण वाचता आला.

प्रश्न उरला पैशांचा. जुलैच्या सुरुवातीला एक लाख सव्वीस हजार आणायचे कुठून? आमच्याकडे याला सरळ नाव आहे: नवं-जुनं. जुनं कर्ज भरायचं, नवं कर्ज उचलायचं, आणि मधले काही दिवस कुणाकडून तरी पैसे फिरवायचे. नव्या कर्जाचं वर्ष नव्या उचलीपासून सुरू होतं, त्यामुळे जानेवारीतली तोड त्या वर्षाच्या आत आरामात बसते. म्हणजे आडसालीच्या आयुष्यात एकदा नवं-जुनं झालं की पुढचं व्याजही सवलतीत येतं. या सगळ्याची किल्ली त्या मधल्या दिवसांत आहे.

गावात पैसे फिरवणाऱ्याचा दर होता महिना शेकडा तीन. एक लाख वीस हजारांचे महिन्याचे ३,६००, आणि पंधरा दिवसांत परत केले तरी महिना पूर्णच धरायचा. मला धक्का बसला तो या गोष्टीचा, की एवढ्या चढ्या दरानेही ते परवडत होतं. वर्षाला छत्तीस टक्के पडतात, पण मुदत चुकण्याचे तेरा हजार आठशे वाचवायला ३,६०० देणं स्वस्तच. म्हणून तर जूनमध्ये अख्खं गाव त्यांच्या दारात असतं. मोडतं कुठे, तर नवं कर्ज लांबतं तिथे. कधी बँकेकडून सोसायटीला पैसे येत नाहीत, कधी सात-बारावर जुना बोजा राहिलेला असतो, कधी पीक पाहणीची नोंद नसते. दोन महिने गेले की ७,२००, चार महिने गेले की १४,४००, आणि मग नवं-जुनं करण्यापेक्षा थकलेलं बरं होतं असा हिशोब निघतो. तोवर मात्र मागे फिरता येत नाही.

मामांना तो दर सांगितला तेव्हा ते चिडले. “कायदा माहीत आहे का तुम्हाला?” राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ टक्के आणि विनातारण बारा टक्के, एवढाच दर लावायचा आहे. महिन्याला शेकडा तीन घेणाऱ्याकडे परवाना नसतोच. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पैशांची गरज असलेली बाई तक्रार करायला जाणार कशी? तिला त्याच्याकडेच जायचं असतं.

मी माझं सोनं तारण ठेवलं. आबांना ते रुचलं नाही. “घरातलं सोनं बाहेर काढलं म्हणजे माणसं काय म्हणतील?” असं ते म्हणाले. त्यांना मी वही दाखवली. एका बाजूला महिन्याचे ३,६००, दुसऱ्या बाजूला वर्षाला दहा टक्के, म्हणजे रोजचे ३३ रुपयांच्या आत, आणि तेही जितके दिवस वापरले तितकेच. आबा थोडा वेळ वही बघत राहिले आणि म्हणाले, “हे मला आधी कुणी मांडून दाखवलं नाही गं.” त्या वाक्याचं मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं ऊस केलेला माणूस.

४ जुलैला सोसायटीत भरले. पाच दिवस आधी भरल्यामुळे व्याज ६,००८ झालं. मुद्दल सोनेतारणातून गेलं आणि व्याज दुधाच्या पगारातून. पावतीवर मुद्दल आणि व्याज वेगळं लिहून घेतलं, कारण परतावा त्याच व्याजाचा येणार होता. नवं कर्ज २९ जुलैला मिळालं आणि त्याच दिवशी सोनं सोडवलं. पंचवीस दिवसांचं व्याज झालं ८२२ रुपये. त्या पंचवीस दिवसांत मी रोज सोसायटीत फोन करत होते. नवं कर्ज कागदावर मंजूर असणं आणि खात्यावर जमा होणं यांत केवढं अंतर असतं, आणि त्या अंतरात दर कोणता चालू आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे मी कुठल्याही बाईला सांगेन.

परतावा एकदम आला नाही. केंद्राचे तीन टक्के आणि राज्याचे तीन टक्के वेगवेगळ्या वेळी जमा होतात, आणि आधार जोडलेल्या खात्यावर होतात. माझे ६,००८ म्हणजे प्रत्येकी साधारण ३,००४. पासबुकात या दोन वेगळ्या नोंदी शोधायच्या असतात. पहिली आली की माणूस खूश होतो आणि दुसरी विसरतो. ज्यांचं खातं आधारला जोडलेलं नाही त्यांचा परतावा अडकून बसतो, आणि त्यांना वाटतं सोसायटीने खाल्ला.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती, टोळ्या उशिरा आल्या. आमचा ऊस ६ जानेवारी २०२५ ला तुटला. जुनंच कर्ज चालू असतं तर अशा प्रत्येक दिवसागणिक माझ्या पोटात गोळा आला असता. आता माझ्या वहीत २९ जुलैपासून दिवस मोजलेले होते. २० जानेवारीला १७५ दिवस झाले, व्याज ३,४५२, आणि सवलत संपायला अजून सहा महिने होते. बिलातून कपात झाली तेव्हा मी सोसायटीतून उतारा मागून घेतला. माझा आकडा आणि त्यांचा आकडा एक रुपयाच्या फरकाने जुळला.

आता रानात खोडवा आहे. खोडव्याला बारा महिने लागतात, म्हणजे तो आणि कर्जाचं वर्ष जवळजवळ बरोबरीने चालतात, आणि यात वेगळाच धोका आहे. ऊस बिल आलं त्याच आठवड्यात पुन्हा कर्ज उचललं, तर पुढच्या जानेवारीत तोड दहा-पंधरा दिवस लांबली तरी मुदत हुकते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस अशी, की खोडव्याला पहारीने खत दोनदा द्यायचं, पहिलं तोडणीनंतर पंधरा दिवसांत आणि दुसरं १३५ दिवसांनी. पहिलं खत मी ऊस बिलाच्याच पैशांतून दिलं. दुसऱ्या खताची तारीख २१ मेच्या आसपास येते. कर्जाची पहिली उचल मी तेव्हा करणार आहे, म्हणजे वर्ष पुढच्या मेपर्यंत जाईल आणि तोड चार महिने लांबली तरी आत राहील. सचिवांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, मंजूर आहे तर आत्ताच घेऊन ठेवा की, सगळे घेतात.” मी रोख्यावर सही केली आणि उचलीची चिठ्ठी कोरीच परत आणली.